‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाआधी

फोन करायची भीती वाटते असं सांगणाऱ्या माणसाला नेमका कुठला क्षण नकोसा होतो, हे नीट विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. मुद्द्याचं बोलणं एकदा सुरू झालं की त्याचं काही अडत नाही. भाडं किती, डिपॉझिट किती, डॉक्टर किती वाजता येतात, हे सगळं तो व्यवस्थित विचारतो. धडधडतं ते नंबर लावल्यापासून ‘मी अमुक कामासाठी फोन केला’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत. रिंग वाजत असताना समोरच्याने फोन उचलू नये असं मनातून वाटत असतं, आणि त्याने उचलला की पुढचे आठ-दहा सेकंद जीभ जड होते. म्हणून अनोळखी माणसाला फोन करण्याच्या भीतीचा आढावा घ्यायचा तर या आठ-दहा सेकंदांतच शिरायला हवं. तिथे काय घडतं याचा जवळजवळ साठ वर्षं बारकाईने अभ्यास होत आला आहे, आणि त्यातून हाती लागणारी वाक्यं अगदी साधी आहेत.

आधी मनाची बाजू पाहू. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लीबोविट्झ यांनी १९८७ मध्ये लोकांत वावरण्याची भीती मोजण्यासाठी २४ प्रसंगांची एक यादी केली. ती आजही दवाखान्यांत आणि संशोधनात वापरली जाते. तिच्यातला पहिलाच प्रसंग चारचौघांत फोनवर बोलण्याचा आहे. ही भीती मोबाइलवर वाढलेल्या पिढीचं खूळ आहे असं मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात घ्यावं. त्यानंतर १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी अशी भीती टिकून कशी राहते याची मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं, की भीती वाटू लागली की माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडतं आणि स्वतःवर खिळतं. माझा आवाज थरथरतोय का, मी बावळट वाटतोय का, याचीच तपासणी आत चालू राहते. या तपासणीत जे जाणवतं तेच समोरच्यालाही दिसत असणार असं तो धरून चालतो. बोलणं संपल्यावरही तो ते घोळवत बसतो आणि प्रत्येक वेळी त्यातलं वाईट तेवढंच आठवतो.

फोनवर हे जास्त जाणवावं यात नवल नाही. समोरासमोर बोलताना लक्ष ठेवायला चेहरा असतो, मान हलताना दिसते. फोनवर यातलं काहीच नसतं, त्यामुळे लक्षाला बाहेर टेकायला जागा उरत नाही आणि ते आत वळतं. सुरुवातीच्या वाक्याचं पहिलं काम त्यामुळे असं ठरतं, की बोलणाऱ्याचं लक्ष ‘मी कसा वाटतोय’ यावरून काढून ‘समोरच्याला आत्ता काय कळायला हवं’ याकडे वळवायचं. समोरच्याला काय हवं असतं हे ठाऊक असेल तरच ते जमतं. इथे मानसशास्त्रापेक्षा संभाषणाचा अभ्यास जास्त कामाला येतो.

इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोलीस खात्याकडे आलेल्या आणि तिथून गेलेल्या सुमारे पाचशे फोनच्या सुरुवाती तपासल्या. त्यावरचा त्याचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला दिसलं, की फोन उचलणारा आधी बोलतो. पाचशेपैकी एकाच फोनमध्ये तसं झालं नव्हतं. त्या फोनमध्ये उचलणारा गप्प राहिला आणि सेकंदभराने फोन करणाऱ्यानेच ‘हॅलो’ म्हटलं. शेग्लॉफने तो अपवाद म्हणून बाजूला सारला नाही, उलट त्यातूनच त्याने नियम नीट मांडला. फोनची रिंग ही हाक असते आणि उचलणाऱ्याचा पहिला शब्द ही त्या हाकेला ‘ओ’ असते. ‘ओ’ आली नाही तर माणूस पुन्हा हाक मारतो, त्या फोनमधलं ‘हॅलो’ ही तशी दुसरी हाक होती. पुढच्या वीस वर्षांत त्याने हे काम वाढवलं आणि फोनच्या सुरुवातीला चार गोष्टी ठरावीक क्रमाने उरकल्या जातात असं दाखवलं. हाक आणि ओ, मग कोण बोलतंय याची ओळख पटणं, मग नमस्कार-चमत्कार, मग ख्यालीखुशाली. त्यानंतर फोन कशासाठी केला याला जागा मिळते. ओळखीच्या माणसांत हे इतक्या झपाट्याने होतं की आपण काही करतोय हेच जाणवत नाही. अनोळखी माणसाशी मात्र दुसरी पायरी अडते, कारण आवाजावरून ओळख पटणं शक्यच नसतं. आणि ती अडली की तिच्यामागचं सगळंच अडतं.

घरात एकच लँडलाइन होती तोवर ही दुसरी पायरी मुलांच्या रोजच्या सरावातली होती. फोन कुणाचाही असू शकायचा. ‘बाबा अंघोळीला गेलेत, कोण बोलतंय? काही निरोप आहे का?’ हे वाक्य सातवी-आठवीतली मुलं बिनघोर म्हणायची. मित्राकडे फोन केला तर आधी त्याची आई किंवा आजोबा उचलायचे, त्यांना आपलं नाव सांगून मित्राला बोलावून घ्यावं लागायचं. मोबाइलवर नाव आधीच पडद्यावर येतं. फिनलंडमधल्या इल्का आर्मिनेन आणि मिन्ना लेइनोनेन यांनी २००६ मध्ये मोबाइलवरच्या सुरुवाती तपासल्या तेव्हा हा बदल स्वच्छ दिसला. उचलणाऱ्याला कोणाचा फोन आहे हे ठाऊक असल्यामुळे तो पहिला शब्दच त्या माणसाला साजेसा उच्चारतो, ओळखीची पायरी गळून जाते. आज विशी-पंचविशीत असलेल्यांना फोनवर स्वतःची ओळख करून देण्याचा सराव मिळालेलाच नाही. त्यांना तो थेट घरमालकाशी किंवा कंपनीच्या एचआरशी बोलताना करावा लागतो. याला मी त्या पिढीचा दुबळेपणा म्हणणार नाही. शिकण्याची जागाच घरातून नाहीशी झाली.

फोन करणाऱ्याच्या भीतीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, पण आपल्याकडे फोन उचलणाराही आज तितकाच धास्तावलेला असतो, आणि याकडे कमी लक्ष गेलं आहे. अनोळखी नंबर म्हणजे कर्ज, क्रेडिट कार्ड, प्लॉट, नाहीतर सरळ फसवणूक असं समीकरण झालं आहे. पोलीस किंवा कस्टम्सचे अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना घरातच ‘डिजिटल अरेस्ट’ करण्याचे प्रकार इतके वाढले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सावध केलं. टेलिमार्केटिंगचे फोन १४० ने आणि बँका, विमा कंपन्यांचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत, अशी व्यवस्था त्याच काळजीतून आली. फोन करणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसावं अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, तिच्यामागेही हीच काळजी आहे. आपला साधा दहा अंकी नंबर पाहून समोरचा ज्या कोरड्या आवाजात ‘हॅलो’ म्हणतो, तो कोरडेपणा आपल्याबद्दलचा नसतो. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. हा कोण? माझा नंबर याला कुठून मिळाला? याला काय हवंय? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत तो हात राखूनच बोलणार.

आता एक प्रसंग तपशिलात पाहू. समजा, कोल्हापुरातल्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारी स्नेहल पाटील नावाची मुलगी आहे. तिला सहा आठवड्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांना फोन करायचा आहे. तयारी न करता केलेला फोन साधारण असा होतो.

‘हॅलो.’
‘हॅलो… हॅलो सर, नमस्कार सर.’
‘हां, कोण?’
‘सर, तुम्ही आत्ता बिझी आहात का?’
‘कोण बोलतंय?’
‘सर मी ना, कॉलेजमधून बोलतेय. म्हणजे मला थोडं विचारायचं होतं की तुमच्याकडे…’
‘लोन-बिन काही नको आम्हाला.’

फोन बंद होतो आणि स्नेहलला वाटतं, मालक तुसडे आहेत किंवा आपल्यालाच बोलता येत नाही. यातलं काहीच खरं नाही. मालकांनी दोनदा एकच प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा त्यांना उत्तर मिळालं नाही. ‘बिझी आहात का’ हे तिने सौजन्याने विचारलं, पण कोण विचारतंय हे न कळता त्याला उत्तर देणं कुणालाच परवडत नाही. विक्रीचे फोनही अगदी असेच सुरू होतात. ‘थोडं विचारायचं होतं’ इथवर येईपर्यंत त्यांनी आपला अंदाज बांधून टाकला होता.

तोच फोन असा करता येतो.

‘हॅलो.’
‘नमस्कार सर. मी स्नेहल पाटील, कोल्हापूरच्या पॉलिटेक्निकमधून बोलतेय.’
‘हां.’
‘आमच्या देसाई सरांनी तुमचा नंबर दिला. ट्रेनिंगसाठी तुमच्याकडे जागा आहे का, एवढंच विचारायचं होतं. आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’

हे सगळं सावकाश म्हटलं तरी बारा-पंधरा सेकंदांत होतं. यातला क्रम महत्त्वाचा आहे, आणि प्रत्येक तुकडा त्या जागी का आहे हे समजलं तर वाक्य पाठ करावं लागत नाही.

नमस्कार आधी येतो, त्याला एक व्यवहारी कारणही आहे. उचलणारा कित्येकदा फोन कानाला नीट लावायच्या आत ‘हॅलो’ म्हणतो, मागे लेथचा आवाज असतो, आणि आपला पहिला शब्द अर्धाच पोचतो. पहिला शब्द नाव असेल तर नाव हरवतं आणि ‘कोण?’ हा प्रश्न परत येतो. घाबरलेल्या माणसाला तो प्रश्न झिडकारल्यासारखा लागतो. नमस्कार हरवला तर काहीच बिघडत नाही. नाव सांगताना आडनाव आणि जागा जोडून सांगायची, कारण नुसत्या ‘मी स्नेहल’ने अनोळखी माणसाला काहीच कळत नाही. जागा कळली की तो आपल्याला कुठल्यातरी खणात ठेवू शकतो. इथे क्षणभर थांबायचं. या थांबण्यात समोरून ‘हां’, ‘बोला’ किंवा ‘हां, बोला’ येतं. ओळखीची पायरी पार पडल्याची ही खूण. ती ऐकू आली की धडधड ओसरते असा पुष्कळांचा अनुभव आहे, कारण आता बोलायची परवानगी समोरच्यानेच दिलेली असते. तिच्याऐवजी पुन्हा ‘कोण?’ आलं तर समजायचं की ऐकू गेलं नाही. नवं स्पष्टीकरण न देता तेच वाक्य, तेच शब्द, जरा सावकाश म्हणायचं.

मग दुवा. नंबर कुठून मिळाला हे न विचारता सांगितलं की समोरच्याची मोठी शंका मिटते. दुवा माणसाचाच असायला हवा असं नाही. ‘तुमच्या गेटवरच्या पाटीवर नंबर होता’, ‘गुगलवर तुमच्या वर्कशॉपच्या नावाखाली मिळाला’ हेही पुरतं. फक्त दुवा खरा हवा. देसाई सरांनी नंबर दिला नसताना त्यांचं नाव सांगितलं आणि मालकांनी ‘कोण देसाई?’ विचारलं की पुढचं काहीही त्यांना खरं वाटणार नाही.

मग काम, एका वाक्यात. भीतीत माणूस कामाच्या वाक्याआधी प्रस्तावना लांबवतो आणि काम सांगताना आवाज खाली आणतो. एलिझाबेथ कूपर-कुलेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये इंग्रजी फोनमधली एक बारीक गोष्ट दाखवली होती. फोनचं कारण सांगणारं वाक्य बोलणारे जरा चढ्या पट्टीत सुरू करतात, आणि त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की आता मुख्य गोष्ट येते आहे. मराठीत वेगळी मोजणी न करताही हे कानाला पटतं. कारणाचं वाक्य पुटपुटलं तर ऐकणाऱ्याला ते प्रस्तावनेचाच भाग वाटतं आणि तो खऱ्या कारणाची वाट पाहत राहतो. त्या शांततेने बोलणारा आणखी गोंधळतो. एवढं एकच वाक्य मोठ्याने म्हणून पाहावं, बाकीच्यांना सराव लागत नाही.

वेळ शेवटी विचारायची. काम कळल्यावर मालक खरोखर ठरवू शकतात की दोन मिनिटं द्यायची की नाही. ‘आत्ता मशीनवर आहे’ असं उत्तर आलं तरी तो नकार नसतो. ‘मग संध्याकाळी पाचनंतर करू का सर?’ असं वेळ सुचवून विचारलं की पुढचा फोन अनोळखी राहत नाही, तेव्हा ‘सकाळी ट्रेनिंगसाठी फोन केला होता’ एवढंच पुरतं. ‘जागा नाही’ असं उत्तर आलं तर ‘बरं सर, जवळपास कुणी घेतं का, माहीत असेल तर सांगाल?’ असं विचारून फोन ठेवता येतो. नकारानंतर काय म्हणायचं हे आधी ठरवलेलं असलं की नकाराची धास्ती निम्म्याने कमी होते, म्हणून दुसरं वाक्य कुठलं तयार ठेवायचं असेल तर मी हेच ठेवायला सांगेन.

या सगळ्यात ‘कसे आहात?’ कुठेच नाही, ते मुद्दाम. ख्यालीखुशालीची पायरी ओळखीच्यांची असते. एलिझाबेथ स्टोको, बोग्दाना हुमा आणि रेन सिकवेलंड या संशोधकांनी ब्रिटनमधल्या विक्रीच्या फोनची ध्वनिमुद्रणं तपासली आहेत. पहिल्यांदाच फोन करणाऱ्याने ‘कसे आहात’ विचारून जवळीक साधायचा प्रयत्न केला तर समोरचा जेवढ्यास तेवढं उत्तर देतो, उलट विचारपूस करत नाही, आणि फोन करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. आपल्याकडे तर ‘सर, कसे आहात?’ ऐकताच माणूस फोन कानापासून दूर नेतो. त्याच्या जागी मराठीत बोलणं मऊ करणारी छोटी साधनं आहेत, ती वापरावीत. ‘विचारायचंय’पेक्षा ‘विचारायचं होतं’, ‘वेळ आहे का’पेक्षा ‘बोलता येईल का’, मध्ये एखादं ‘जरा’. पण एका वाक्यात एकच. तिन्ही एकत्र आले की आर्जव वाटू लागतं. संबोधनाचंही तसंच. कंपनीत किंवा कार्यालयात सर, मॅडम, साहेब चालतं. खोली भाड्याने देणाऱ्या वयस्क बाईंना ‘काकू’ म्हटलेलं बऱ्याच गावांत आवडतं, शहरात एखादीला खटकतं. शंका असेल तर नुसतं ‘नमस्कार’ म्हणून क्रियापद आदरार्थी ठेवलं की पुरतं.

एका जातीच्या फोनला हा क्रम बदलावा लागतो. काम खासगी असेल तर ते सांगण्याआधी फोनवर योग्य माणूसच आहे याची खात्री हवी. लग्नाच्या स्थळासाठी करायचा फोन हे याचं आपल्या घरोघरचं उदाहरण. आयुष्यभर नोकरी-व्यवसायात बोलत आलेले साठीतले आईवडीलसुद्धा हा फोन चार दिवस पुढे ढकलतात. त्यात नाव, सध्याचं गाव आणि मूळ गाव सांगून झालं की ‘आपण मुलीचे वडील बोलताय ना?’ हे विचारायचं, आणि होकार आल्यावरच ‘मंडळाच्या यादीत आपल्या मुलीची माहिती पाहिली’ म्हणायचं. फोन मुलीच्या कार्यालयातल्या कुणी किंवा शेजाऱ्याने उचलला तर काम न सांगता ‘नंतर करतो’ म्हणता आलं पाहिजे. दवाखान्याचे रिपोर्ट, थकलेली रक्कम, मुलाची शाळेतली तक्रार, या फोनांनाही हेच लागू आहे.

सुरुवात बरी झाली तरी भीती परत डोकं काढते ती शांततेत. माणसं एकमेकांना फार लवकर उत्तर देतात. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतली समोरासमोरची संभाषणं मोजली, तेव्हा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंद निघालं. भाषेगणिक थोडा फरक होता, पण सगळीकडे अंतर लहानच. त्या दहांत मराठी नव्हती, तरी आपला कानही अशाच वेगाला सरावला आहे. फोनमध्ये मात्र आवाज पोचायलाच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये नेटवर्क कमकुवत असलं की तो त्याच्या पुष्कळ वर जातो. आपला शब्द जायला आणि त्याचा यायला असा दुहेरी विलंब धरला तर समोरच्याने तत्काळ दिलेलं उत्तरही आपल्याला अडखळत आल्यासारखं वाटतं. जर्मनीत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना असे विलंबाचे फोन दिले गेले, तेव्हा त्यांनी दोष लाइनला न देता समोरच्या माणसाला दिला. तो लक्ष देत नाही असं त्यांना वाटलं. भित्रा माणूस याच शांततेचा अर्थ ‘त्याला माझा राग आला’ असा लावतो आणि ती भरून काढायला घाईने बोलू लागतो. नेमकं तेव्हाच समोरचं उत्तर पोचतं आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. उपाय एकच, प्रश्न विचारल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणायचं आणि तेवढं थांबायचं. दोघं एकदम बोललोच तर ‘बोला, तुम्ही बोला’ एवढंच म्हणून आपण थांबायचं.

तयार वाक्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. क्लार्क आणि वेल्स यांच्या मांडणीत एक इशारा आहे. भीती टाळण्यासाठी माणूस जे आधार घेतो तेच कधीकधी भीती जिवंत ठेवतात, कारण आधाराशिवायही निभावलं असतं हे त्याला कधी कळतच नाही. संपूर्ण फोन कागदावर लिहून वाचणं हा असा आधार आहे. वाचताना लक्ष कागदावर असतं, समोरच्याचं वाक्य निसटतं, आणि त्याने मध्येच काही विचारलं की कागद निरुपयोगी होतो. मी एवढंच लिहावं म्हणेन: आपलं नाव-गाव, दुवा, काम, आणि विचारायचे दोन-तीन मुद्दे नुसत्या शब्दांत. पाच-सहा फोननंतर नाव-गाव कागदावरून काढून टाकावं. सरावाची चढणही अशीच ठेवावी. आधी ज्यांचं कामच फोन उचलणं आहे त्यांना, म्हणजे गॅस एजन्सी, दवाखान्याचं रिसेप्शन, पुस्तकाचं दुकान. मग ज्यांच्याकडे आपलं काम आहे पण त्यांचं आपल्याकडे काही नाही, असे लोक. प्रत्येक फोनआधी ‘काय होईल’ याचा अंदाज एका ओळीत लिहावा आणि नंतर काय झालं ते शेजारी लिहावं. अंदाज आणि घडलेलं यांतलं अंतर डोळ्यांना दिसणं, हाच अशा भीतीवरच्या उपचारपद्धतीचा गाभा आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ च्या प्रयोगात जुन्या मित्राशी संपर्क साधायला सांगितलेल्यांना फोन अवघड जाईल असं आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना ईमेल करणाऱ्यांपेक्षा जास्त अवघडल्यासारखं वाटलं नाही, आणि मित्राशी जवळीक मात्र जास्त जाणवली. फोनच्या भीतीमुळे नोकरीची संधी किंवा दवाखान्याची वेळ पुन्हापुन्हा सुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे हेच काम पद्धतशीर करता येतं. तेव्हा एकट्याने झगडत बसू नये.

अडखळत बोलणाऱ्यांसाठी ठरलेलं वाक्य उलटंही पडतं. इतर शब्द अडला तर ते दुसरा वापरू शकतात, पण स्वतःचं नाव बदलता येत नाही, आणि फोनवर तेच सगळ्यात आधी सांगावं लागतं. पलीकडे शांतता पसरते आणि समोरचा लाइन कटली समजून फोन ठेवतो. कोर्टनी बर्ड आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात असं दिसलं आहे, की आपण अडखळतो हे साधेपणाने, माफी न मागता आधी सांगणाऱ्याकडे ऐकणारे अधिक चांगल्या नजरेने पाहतात. ‘नमस्कार, मी जरा अडखळत बोलतो, लाइन चालू आहे’ हे वाक्य नावाच्याही आधी यायला हरकत नाही. आणि अनोळखी पुरुषाला आपला खासगी नंबर जाऊ नये म्हणून एखादी मुलगी फोन टाळत असेल तर ती भीती मोडायची नसते. तिला कार्यालयाचा किंवा घरच्या मोठ्यांचा फोन वापरू द्यावा.

फोनआधी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आणि दुवा लिहून ‘ट्रेनिंगसंबंधी बोलायचं होतं, कधी फोन करू?’ असा मेसेज टाकायची रीत आता रुळली आहे. काहींना ती पळवाट वाटते. मला ती चांगली वाटते, कारण समोरच्याचे तिन्ही प्रश्न ती रिंग वाजण्याआधीच सोडवते. मेसेजला उत्तर न आल्याचं कारण सांगून फोनच करायचा नाही, इथे मात्र पळवाट सुरू होते. एक दिवस थांबून फोन करावा आणि ‘काल मेसेज केला होता’ हाच दुवा म्हणून वापरावा.

उचलणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. संभाषणाच्या या अभ्यासाचा पाया ज्याने घातला त्या हार्वी सॅक्सला १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्राचे फोन ऐकताना एक गोष्ट लक्षात आली होती. फोन घेणाऱ्याने आधी आपलं नाव सांगितलं तर करणाराही बहुधा आपलं नाव सांगतो, त्याला ते विचारावं लागत नाही. आपल्या राज्य शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असा निर्णय काढला. पहिला शब्द कुठलाही असो, त्याच्यापाठोपाठ ‘तहसील कार्यालय, कुळकायदा शाखा’ असं ऐकू आलं तर कुळाची नोंद विचारायला फोन केलेल्या शेतकऱ्याला आपण योग्य जागी पोचलो हे लगेच कळतं आणि तो थेट गटनंबर सांगायला लागतो. दवाखाने, शाळा, बँकेच्या शाखा, छोटे कारखाने यांनी फोन उचलणाऱ्याला एवढं एक वाक्य शिकवावं. त्याला ना पैसा लागतो ना यंत्र, आणि फोन करणाऱ्याच्या वाट्याचं निम्मं काम तिथेच उरकतं.